चहाचा कप नेमका कुठल्या शब्दावर उचलला?

अगं, सेटवर कंटिन्युइटी सांभाळायची, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्या शॉटशी जुळतंय ना ते बघायचं, तर सगळ्यात आधी एक सवय लाव, नुसत्या फोटोवर विसंबू नकोस. फोटोत कपात चहा किती, पदर कुठल्या खांद्यावर हे कळतं, पण कप कधी उचलला ते कळत नाही. मी स्क्रिप्टमध्ये डायलॉगच्या त्या शब्दाखालीच पेन्सिलीने लिहिते, "उजवा हात, कप वर". मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा सीन दिसतो त्या शॉटमध्ये, नटाने "आई गेली" मधल्या "गेली"वर कप उचलला आणि जवळून घेतलेल्या क्लोजला "आई"वरच उचलला तर एडिटरला तिथे कट मारताच येत नाही, हात एकदम उडी मारतो. म्हणून क्लोजच्या आधी नटाजवळ जाऊन हळूच सांगायचं, सगळ्यांसमोर ओरडून नाही. आणि कट म्हटल्या म्हटल्या, कोणी कपाला हात लावायच्या आत, फोटो काढ.

तरी चुका राहतातच. माझ्या एका फिल्ममध्ये जेवणाच्या सीनला चौथ्या टेकला ताटात अर्धी पोळी होती, सातव्याला पूर्ण, मी दोन्ही लिहून दिलं होतं, पण सातव्यात ती बाई जे रडली ते चौथ्यात नव्हतंच, एडिटरने सातवाच घेतला, आणि मी असते तर मीही तोच घेतला असता. कधी एडिटिंगमध्ये मधला डायलॉगच उडवतात, मग भरलेला ग्लास एका क्षणात रिकामा दिसतो, सेटवर सगळं बरोबर असूनही. म्हणून चूक दिसली की लगेच डायरेक्टरला सांग, आणखी एक टेक घ्यायचा का ते त्यांना ठरवू दे, आणि टेक नंबरासकट नोंद एडिटरकडे पोचव.