फोटोतले चार पुतळे कुणाचे?

प्रश्न: आजोबांच्या जुन्या फोटोत मागे एका चौकात चार पुतळे दिसतात. घरात कुणी सोलापूर म्हणतं, कुणी मुंबईचा हुतात्मा चौक. पुतळे नेमके कुणाचे, हे खात्रीने कसं कळेल?

मी सोलापूरचा. आमच्याकडे पार्क चौकाच्या बाजूला उतरायचं असेल तर रिक्षावाल्याला 'चार पुतळे' एवढंच सांगतात. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यावर आधी तीच जागा डोळ्यांसमोर आली. पण मला ती आठवली हा काही पुरावा नव्हे.

पुतळा एकट्या प्रसिद्ध व्यक्तीचा असेल तर त्यावरून गाव ठरत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक सोलापुरात भैय्या चौकात आहे, कारण त्यांचा जन्म इथला. पण त्यांचा पुतळा चीनमध्ये शिजियाझुआंगलाही आहे, कारण त्यांचं काम आणि १९४२ मधला मृत्यू तिकडचा. म्हणजे चेहरा ओळखला तरी गाव कळायचं राहतंच. चौघं एकत्र असतील तर मात्र तो जोडच बोलतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन ही चार नावं एकत्र येतात ती सोलापूरच्या १९३० च्या लढ्यामुळे. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे १९३० ला इथे गोळीबार झाला, लोक खवळले, पुढे शहरात मार्शल लॉ लागला. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली.

मुंबईचा घोळ होतो तो 'हुतात्मा' या शब्दामुळे. तिथले हुतात्मे वेगळे, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबाराला बळी पडलेले. तिथल्या स्मारकावर मशाल धरलेली जोडी आहे, ती शेतकरी-कामगारांची. ते कुणा दोन माणसांचे पुतळे नाहीत. शेजारच्या कारंज्यावर फ्लोरा ही रोमन देवी उभी आहे, पण १८६४ चं ते कारंजं मुळात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या सन्मानार्थ उभारलेलं. दाखवलंय कोण आणि स्मरण कुणाचं, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. निम्म्या चुका तिथेच होतात.

आता तुमचा फोटो. मोबाइलने काढलेला फोटोचा फोटो कामाचा नाही. मूळ प्रत ६०० डीपीआयला स्कॅन करून घ्या आणि चौथऱ्याचा भाग मोठा करून पाहा. फलकावर सगळ्यात ठळक नाव बहुतेक वेळा उद्घाटकाचं असतं, ज्यांचं स्मारक आहे त्यांचं नव्हे. म्हणून नावाच्या मागेपुढे 'शुभहस्ते' आहे का ते आधी बघा. तारखाही तशाच फसवतात. एकाच चौथऱ्यावर फाशीची तारीख, अनावरणाची तारीख आणि नंतरच्या सुशोभीकरणाची तारीख अशा तीन असू शकतात. अनावरणाची तारीख वाचता आली तर फोटो त्याआधीचा नाही एवढं पक्कं होतं. पुतळ्यांना ताजे हार दिसले तर १२ जानेवारीचा विचार जरूर करा, पण हार १५ ऑगस्टलाही पडतात, म्हणून तेवढ्यावर तारीख ठरवू नका.

अक्षरं लागलीच नाहीत तर सोलापूरच्या कुणा ओळखीच्याला सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना तिथे पाठवा. तिरप्या उन्हात कोरलेल्या अक्षरांची सावली पडते आणि भरदुपारी न दिसणारी ओळ वाचता येते. त्याच कोनातून एक फोटो काढायला सांगा आणि पुतळ्यांची क्रमवारी व चौथऱ्याची ठेवण तुमच्या फोटोशी ताडून बघा. मागच्या इमारती आणि दुकानं बदलली असतील, त्यांच्यावर फार विसंबू नका. आणि हो, जवळच्या 'हुतात्मा स्मृती मंदिर' या पाटीने गोंधळू नका, ते नाट्यगृह आहे.

नावं मिळाली की ती फलकाबाहेरच्या नोंदींशी जुळवा. जिल्ह्याचं गॅझेटियर सार्वजनिक ग्रंथालयात मिळतं, त्यात १९३० चा भाग वाचा. नेटवर शोधताना एक अडचण येते. इंग्रज सरकारच्या कागदांत या चौघांना कुणी हुतात्मा म्हणत नाही, ते तिथे खुनाच्या खटल्यातले आरोपी आहेत, आणि शहराचं स्पेलिंगही जुनं आहे. म्हणून `Sholapur martial law 1930` असं टाकून बघा. नावांची इंग्रजी रूपंही बदलतात, कुर्बानचं कधी `Kurban`, कधी `Qurban`. एखादं रूप सापडलं नाही म्हणून माणूस वेगळा समजू नका. चारही नावं, येरवडा आणि १२ जानेवारी हे सगळं फलकाशिवाय आणखी दोन ठिकाणी जुळलं, आणि नवा फोटो जुन्याशी बसला, तर आजोबा आमच्या चार पुतळ्यांपाशीच उभे होते.