पाळी समोरच्याच्या गळ्यात कशी घालायची?

*धुळ्याच्या स्पर्धेत शेवटी माझा पांढरा राजा डी५वर, प्यादी ए५ आणि सी६वर. काळ्याचा राजा सी८वर, प्यादं ए६वर. चाल माझी. एक प्यादं जास्त असूनही बरोबरी झाली. सगळे म्हणाले, ट्रँग्युलेशन करायला हवं होतं. म्हणजे नेमकं काय?*

भाऊ, डाव जिंकलेलाच होता, पण चाल तुमची होती हीच अडचण. हीच मांडणी ठेवून चाल काळ्याची आहे असं धरा. तो सी७वर आला तर तुम्ही सी५वर जाता, त्याला मागे हटावंच लागतं आणि तुम्ही बी६वर शिरून ए६चं प्यादं खाता. तो डी८ किंवा बी८वर गेला तर तुम्ही डी६, मग सी७, आणि वजीर होतो.

आता तुमची चाल असताना सरळ घुसून बघा. राजा डी६, तो डी८. तुम्ही सी७ शह, तो सी८. आता प्यादं वाचवायला राजा सी६वर नेलात की त्याला एकही चाल उरत नाही, स्टेलमेट. बहुधा तुमचंही असंच झालं असेल. सुरुवातीलाच राजा सी५वर नेला तर तो सी७वर येतो आणि तुम्ही अडकता.

म्हणून आधी मागे या: राजा सी४. काळा सी७वर आला तर लगेच सी५, आणि आता चाल त्याची. त्यामुळे तो डी८वर (किंवा बी८वर) जातो. इथेच मुलं घाईने परत डी५वर जातात, काळा सी८वर येतो आणि सगळं जैसे थे. तुम्ही डी४वर जा. काळा सी८वर आला की तुम्ही डी५. मांडणी तीच, पण या वेळी चाल काळ्याची. तुमचा राजा डी५, सी४, डी४ असा त्रिकोण फिरून डी५वर परतायला तीन चाली घेतो, त्याला सी८वर परतायला दोनच लागतात. हेच ट्रँग्युलेशन.

त्यालाही असा त्रिकोण का करता येत नाही? बी७ आणि डी७ तुमच्या सी६च्या प्याद्याने रोखलेत, बी६ ए५च्या प्याद्याने. सी७वर आला तर सी५ तयारच आहे. उरली आठवी रांग, आणि एकाच रांगेत त्रिकोण होत नाही. कोपऱ्यात ए७, ए८, बी८ अशी जागा आहे खरी, पण तिकडे गेला तर तुमचा राजा डी६वरून सी७ला सोबत करतो.

हे जमतं ते ए६चं प्यादं ए५ने बांधलंय म्हणून. काळ्याकडे एच७वर आणखी एक मोकळं प्यादं असतं, तर नेमक्या वेळी ते सरकवून त्याने पाळी परत तुमच्यावर ढकलली असती. उलट तुमचं प्यादं अजून ए४वरच असतं, तर राजाला फिरवायची गरजच नव्हती. ए५ खेळलं की चाल त्याची.