मंजूर कंपनीनं ऐनवेळी नकार दिला, आता प्राचार्यांना काय लिहू?

प्रश्न : नमस्कार वकीलताई. मी नाशिकच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. १६ आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. कॉलेजने मंजूर केलेल्या अंबडच्या कंपनीत ५ जानेवारीला रुजू व्हायचं होतं. २ तारखेला त्यांचा ईमेल आला, 'या वर्षी इंटर्न घेता येणार नाहीत.' सिन्नरजवळ मुसळगावची एक कंपनी १९ जानेवारीपासून घ्यायला तयार आहे. कोऑर्डिनेटर सर म्हणतात, 'आधी जॉइन हो, कागदपत्रं नंतर बघू.' बाबांचं म्हणणं, अंबडच्या कंपनीवर केस करा. रिपोर्ट ३० एप्रिलपर्यंत द्यायचा आहे. प्राचार्यांना अर्ज कसा लिहू?

उत्तर : बाबांचा राग रास्त आहे, पण केसचा विचार सोडा. अशा ऑफर लेटरमध्ये बहुतेक वेळा 'कंपनी कोणत्याही वेळी रद्द करू शकते' ही ओळ असते. तुमचं पत्र काढून पाहा. ती नसली तरी करार कायद्याच्या कलम ७३ नुसार भरपाई मिळते ती करार मोडल्यानं थेट झालेल्या नुकसानीची. 'दोन आठवडे गेले, पुढे नोकरीची संधी हुकली' हे लांबचं नुकसान त्यात बसत नाही. हाती लागलाच तर थोडाफार स्टायपेंड, आणि त्यासाठी सीबीएसजवळच्या कोर्टात किती खेपा घालाल? कंपनीनं डिपॉझिट वगैरे घेतलं असेल, तर ते मात्र लेखी मागून परत घ्या.

तुमची खरी अडचण कोऑर्डिनेटर सरांच्या त्या वाक्यात आहे. सर चांगल्या मनानं बोलले असतील. पण तुमच्या नावावर आज जी मंजुरी आहे ती अंबडच्या कंपनीची आहे. १९ तारखेला मुसळगावला गेलात, तर कॉलेजच्या दप्तरी तुम्ही कुठेच नाही. एप्रिलमध्ये सरांची बदली झाली किंवा परीक्षकानं मंजुरीपत्र मागितलं, तर 'सरांनी तोंडी सांगितलं होतं' याला काही किंमत राहत नाही. माझ्याकडे एक मुलगा असाच आला होता. जुन्या पत्रावर कंपनीचं नाव खोडून त्यानं नवं घातलं होतं आणि आठ आठवडे काम केलं होतं. ते आठवडे धरले गेले नाहीतच, वर कागदात फेरफार केल्याची चौकशी लागली. असलं काही करू नका.

दुसरं, तुम्ही शॉप फ्लोअरवर असणार. प्रेसवर हाताला काही झालं, तर कंपनी म्हणेल, 'ही आमची कामगार नाही', आणि कॉलेज म्हणेल, 'आम्ही तिला तिथे पाठवलंच नव्हतं'. कॉलेजचा विद्यार्थी अपघात विमा असेल, तर नव्या जागेला आणि नव्या तारखांना तो लागू आहे का, हे ऑफिसात आधी विचारा. त्या उत्तरासाठीही हातात मंजुरी हवी.

अर्जात तक्रारीचा सूर नको आणि माफीचाही नको. दोन पानी कहाणी कोणी वाचत नाही. नेमकं काय मागताय, ते ठळक दिसलं पाहिजे. मुलांच्या अर्जात नेहमी राहते ती गोष्ट म्हणजे तारखांचा हिशेब. ५ जानेवारीपासून १६ आठवडे २६ एप्रिलला भरले असते. १९ जानेवारीपासून ते १० मे रोजी भरतील. ३० एप्रिलपर्यंत जेमतेम साडेचौदा आठवडे होतात. म्हणजे नुसती 'कंपनी बदलाची परवानगी' मिळाली, तरी तुम्ही दीड आठवड्यानं कमीच पडता. मुदतवाढ याच अर्जात मागा, नंतर वेगळा अर्ज करायला लावू नका. मजकूर साधारण असा ठेवा :

> प्रति,
> मा. प्राचार्य, (कॉलेजचे नाव), नाशिक
> मार्फत : मा. विभागप्रमुख, मेकॅनिकल विभाग
>
> विषय : मंजूर कंपनीने इंटर्नशिप रद्द केल्याने कंपनी बदलण्यास परवानगी व मुदतवाढ मिळणेबाबत.
>
> संदर्भ : १) आपले मंजुरीपत्र क्र. … दि. … २) अंबड येथील कंपनीचा दि. २ जानेवारीचा ईमेल
>
> महोदय,
> संदर्भ क्र. १ नुसार माझी इंटर्नशिप अंबड येथील (कंपनीचे नाव) येथे ५ जानेवारीपासून मंजूर होती. कंपनीने संदर्भ क्र. २ नुसार ती रद्द केली आहे. यात माझ्याकडून कोणताही विलंब वा चूक झालेली नाही.
>
> मुसळगाव, सिन्नर येथील (कंपनीचे नाव) यांनी मला १९ जानेवारी ते १० मे या काळात (विभागाचे नाव) विभागात इंटर्न म्हणून घेण्याची लेखी तयारी दर्शवली आहे. तेथील मार्गदर्शक श्री. / श्रीमती … आहेत. तरी,
> अ) जुनी मंजुरी रद्द करून नव्या कंपनीस मंजुरी द्यावी व तिच्या नावे पत्र द्यावे;
> ब) १९ जानेवारीपासूनचा कालावधी १६ आठवड्यांत धरावा;
> क) अहवाल सादर करण्यास १० मे नंतर आठ दिवसांची मुदत द्यावी,
> ही विनंती. रुजू होण्यापूर्वी मंजुरी आवश्यक असल्याने १६ जानेवारीपर्यंत निर्णय कळवावा.
>
> सोबत : मंजुरीपत्राची प्रत, रद्द केल्याचा ईमेल, नव्या कंपनीचे ऑफर लेटर.

'माझ्याकडून कोणताही विलंब वा चूक झालेली नाही' ही ओळ गाळू नका. उद्या मुदतवाढीवर प्रश्न आला तर तीच उपयोगी पडेल. ईमेलची प्रिंट काढताना पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मोबाइलच्या स्क्रीनशॉटमध्ये ते हमखास कापलं जातं. नव्या ऑफर लेटरवर तारखा आणि मार्गदर्शकाचं नाव नसेल, तर कंपनीकडून ते सुधारून घ्या. ती कंपनी 'ट्रेनिंग फी' मागत असेल किंवा मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायचं म्हणत असेल, तर दुसरी कंपनी शोधा.

अर्जाच्या दोन प्रती करा. विभागप्रमुखांची शिफारस आणि सही घेऊन एक प्रत ऑफिसच्या आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक व तारीख घ्या. क्लार्क 'ठेवून जा' म्हणाला, तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. त्याच दिवशी तोच अर्ज प्राचार्यांच्या ईमेलवर पाठवा आणि सरांना त्याची प्रत द्या. सर नाराज होणार नाहीत. त्यांच्यावरची जबाबदारीच कमी होते.

१६ तारखेपर्यंत उत्तर आलं नाही, तर आवक क्रमांक देऊन स्मरणपत्र द्या आणि प्राचार्यांना प्रत्यक्ष भेटा. नव्या कंपनीकडून आठवडाभर मुदत मागून ठेवणं शहाणपणाचं; तसं झालं तर अर्जातल्या तारखाही पुढे सरकवाव्या लागतील. परवानगी नाकारली, तर कारणासह लेखी मागा. मग कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. पण यात महिना सहज जातो आणि तुमचे आठवडे मोजूनमापून आहेत, म्हणून तो शेवटचा मार्ग समजा.

मंजुरी आली की तिच्यावर तीन गोष्टी आहेत का ते तिथेच उभं राहून वाचा : नव्या कंपनीचं नाव, १९ जानेवारी ही तारीख आणि मुदतवाढ. अनेकदा वर नुसतं 'मान्य' लिहून सही होते. तसं झालं, तर ऑफिसकडून जावक क्रमांकासह वेगळं पत्र मागा आणि ते हातात आल्यावरच मुसळगावची बस धरा.