अ‍ॅपर्चर, शटर, एक्स्पोजर, फोकस: कारखान्यातल्या फोटोंच्या निमित्ताने

प्रश्न: नवीन कॅमेरा घेतलाय, सोबत 18-55 लेन्स आली आहे. सोलापुरात पूर्व भागात आमचा चादरीचा कारखाना आहे. तिथे वडिलांचे आणि कामगारांचे फोटो काढले तर काही काळे येतात, काही हललेले. अ‍ॅपर्चर, शटर, एक्स्पोजर, फोकस हे नक्की काय असतं? माझं कुठे चुकतंय?

उत्तर:

काळे फोटो आणि हललेले फोटो यांची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेऊ.

काळे आलेले फोटो पुन्हा उघडून बघा. माझा अंदाज असा, की त्यातल्या बहुतेकांत मागे उघडा दरवाजा किंवा खिडकी असेल. ट्यूबलाइटच्या उजेडातला कारखाना आणि बाहेरचं दुपारचं ऊन यांत सहज अडीचशे पटींचा फरक असतो. आपले डोळे दोन्ही सांभाळून घेतात, त्यामुळे हा फरक जाणवत नाही. कॅमेरा मात्र समोरच्या सगळ्या दृश्याचा उजेड मोजतो, दारातून येणारा झगझगाट बघून ‘इथे उजेड भरपूर आहे’ असं ठरवतो आणि प्रकाश कमी आत घेतो. बाहेरचा रस्ता छान दिसतो आणि दाराशी उभे असलेले वडील सावलीसारखे काळे.

सेन्सरवर एकूण किती प्रकाश पडला, ते एक्स्पोजर. हे वेगळं बटण नाही, हा परिणाम आहे. प्रकाश किती पडेल ते दोन गोष्टी ठरवतात. लेन्समधलं भोक किती मोठं उघडलंय, ते अ‍ॅपर्चर. ते भोक असताना सेन्सरवर किती वेळ प्रकाश पडू दिला, ती वेळ शटरची. आयएसओ ही तिसरी गोष्ट. त्याने प्रकाश वाढत नाही, मिळालेला प्रकाश कॅमेरा किती उजळवून दाखवणार एवढंच ठरतं. म्हणून आयएसओ फार चढवला की फोटोत रवाळपणा येतो.

या तिन्हींचं माप एकाच पायरीने चालतं, ती पायरी म्हणजे दुप्पट किंवा निम्मं. शटर 1/50 वरून 1/100 केलं की प्रकाश निम्मा. ISO 800 चा 1600 केला की फोटो दुप्पट उजळ. अ‍ॅपर्चरचे आकडे तेवढे विचित्र दिसतात: f/2.8, f/4, f/5.6, f/8. लेन्सच्या मिलिमीटरला, म्हणजे तुमच्या 18-55 मधल्या झूमच्या आकड्याला, भोकाच्या व्यासाने भागून हा आकडा येतो, म्हणून आकडा लहान तितकं भोक मोठं. 50 मिमीला f/4 म्हणजे साडेबारा मिलिमीटरचं भोक, f/8 म्हणजे सव्वासहा. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पावपट होतं, त्यामुळे f/4 आणि f/8 यांत दोन पायऱ्यांचं अंतर पडतं. मधली पायरी f/5.6.

आता हललेले फोटो. नेहमीच्या ट्यूबलाइटच्या शेडमध्ये कॅमेरा ऑटोवर साधारण असं काहीतरी निवडतो: f/5.6, 1/25, ISO 800. एक्स्पोजर म्हणून हे बरोबर आहे, फोटो ना काळा ना पांढरा. पण एका सेकंदाचा पंचविसावा भाग म्हणजे काम करणाऱ्या हातासाठी फार मोठा वेळ. तुटलेला धागा जोडणारा हात तेवढ्यात पुरेसा सरकतो आणि फोटोत बोटांच्या जागी धूसर पट्टा उरतो. तुमच्या लेन्समध्ये थरथर कमी करणारी सोय असेल, तर ती फक्त तुमच्या हाताची थरथर सावरते. समोरचा माणूस हलला तर तिचा काही उपयोग नाही. स्टँड लावूनही माग चालू असताना फारसा फायदा होत नाही, कारण फरशीच थरथरत असते.

तेव्हा शटर 1/100 वर न्या. दोन पायऱ्या प्रकाश गेला, तो कुठून तरी भरून काढायला हवा. एक पायरी अ‍ॅपर्चरमधून घ्या, f/5.6 चं f/4. दुसरी आयएसओमधून, 800 चा 1600. एक्स्पोजर जिथे होतं तिथेच राहिलं आणि हात थांबला. कॅमेऱ्याची चकती M वर, म्हणजे सगळे आकडे तुम्हीच ठरवायचे त्या मोडवर, ठेवून हे तीन आकडे एकदा लावून टाका. शेडमधला उजेड दिवसभर जवळपास सारखाच असतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा बदलावं लागत नाही. पहिला फोटो काढून बघा, गडद वाटला तर ISO 2000 किंवा 2500 करा. M वर असताना मागे दरवाजा आला तरी कॅमेरा घाबरून वडिलांना काळं करणार नाही. दरवाजा पांढराफटक होईल, पण चेहरा नीट येईल. मला तरी असा फोटो चालतो. पांढरा दरवाजा नको असेल तर जागा बदला आणि दरवाजा तुमच्या पाठीशी घ्या. मग तोच उजेड चेहऱ्यावर पडतो आणि आयएसओ कमी करता येतो.

इथे दोन अडचणी येतील, त्या आधीच सांगून ठेवतो.

पहिली, f/4 तुम्हाला प्रत्येक झूमवर मिळणार नाही. या लेन्सवर सहसा 3.5-5.6 असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 18 मिमीला f/3.5 पर्यंत उघडते, 55 ला फक्त f/5.6 पर्यंत. f/4 साधारण 24 मिमीच्या आसपास संपतं. लांब उभं राहून झूम केलं की तुम्ही नकळत एक पायरी प्रकाश घालवता. म्हणून झूम कमी ठेवा आणि दोन पावलं पुढे जा. पण धोट्याच्या रेषेत, मागाच्या बाजूला उभं राहू नका. धोटा निसटून उडतो हे तुमच्या घरात मला सांगायची गरज नाही, पण डोळा कॅमेऱ्याला लावला की भान राहत नाही.

दुसरी अडचण ट्यूबलाइटची. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साध्या चोकच्या ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. काही स्वस्त एलईडी पट्ट्याही तसंच करतात. 1/100 मध्ये एक पूर्ण झोका मावतो, म्हणून प्रत्येक फोटोला सारखाच उजेड मिळतो. शटर 1/500 केलंत तर एक फोटो उजळ, पुढचा मंद, किंवा एकाच फोटोत आडवे काळसर पट्टे, असं दिसू लागेल. कॅमेरा बिघडला असं समजून दुकानात नेऊ नका. 1/100 किंवा 1/50 वर या, पट्टे जातील.

‘धावता धोटा थांबवायचाय’ असं मनात येईलच. हिशेब करून बघा. धोटा सेकंदाला साधारण दहा मीटरच्या वेगाने जातो. 1/100 मध्ये तो दहा सेंटिमीटर सरकतो, 1/1000 मध्येही एक सेंटिमीटर. आणि 1/1000 साठी प्रकाश दहावा भाग उरतो, म्हणजे ISO 16000 लागेल. एवढ्या आयएसओला तुमच्या कॅमेऱ्यावर चादरीच्या नक्षीचा चिखल होईल, वर ट्यूबचे पट्टे येतील ते वेगळेच. माझं मत असं, की धोट्याला पुसट जाऊ द्यावं. स्थिर विणकर, स्पष्ट धागे आणि मधून गेलेली धूसर रेघ, यातच माग चालू असल्याचं कळतं.

फोकस हे या सगळ्यापासून वेगळं प्रकरण आहे. त्याचा प्रकाशाशी संबंध नाही, लेन्स किती अंतरावर स्पष्ट बघतेय एवढंच ते. ऑटोवर कॅमेरा बऱ्याचदा सर्वात जवळची, ठळक रेघा असलेली वस्तू पकडतो. मागावर ती म्हणजे ताण्याचे उभे धागे. म्हणून धागे लख्ख येतात आणि मागचे वडील मऊ. मेनूमध्ये फोकसचा एकच बिंदू निवडा, तो डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबा, बिंदू उजळला की मग पूर्ण दाबा.

त्या अंतराच्या पुढेमागे थोडी जागा स्पष्ट मिळते आणि ती किती मिळेल ते अ‍ॅपर्चर ठरवतं. 24 मिमी, f/4, माणूस दीड मीटरवर: तुमच्यासारख्या लेन्सबरोबर येणाऱ्या नेहमीच्या सेन्सरवर साधारण सव्वा मीटरपासून एक मीटर नव्वदपर्यंत स्पष्ट. चेहरा, हात, जवळचा ताणा, सगळं बसतं. तिथूनच 55 मिमीला f/5.6 वर काढलात तर स्पष्ट जागा जेमतेम पंधरा-सतरा सेंटिमीटर. चेहरा आला तर हात गेला. जवळ जाऊन झूम कमी ठेवा म्हणालो, त्याचं हे दुसरं कारण.

फोटो अस्पष्ट आला की दोष कुणाचा हे असं ओळखा. कॅमेऱ्यावर फोटो मोठा करून फिरवून बघा. चेहरा मऊ पण पुढचे धागे किंवा मागची भिंत लख्ख असेल, तर फोकस चुकला. मागाचा सांगाडा लख्ख आणि फक्त हात पुसट असेल, तर शटर संथ पडलं. सगळंच, न हलणारी भिंतसुद्धा, एकाच दिशेला दुहेरी दिसत असेल, तर कॅमेरा हलला. तीन दोष, तीन उपाय. आयएसओ चढवून चुकलेला फोकस सुधारत नाही, म्हणून ओळखल्याशिवाय काही बदलू नका. अंधाऱ्या शेडमध्ये कॅमेऱ्याचा पडदा आहे त्यापेक्षा उजळ वाटतो, त्यामुळे एक्स्पोजर पडद्यावरून न ठरवता हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख, बघा. सगळा डोंगर डावीकडे चिकटला असेल तर फोटो खरंच गडद आहे.

आणि शेडमध्ये लेन्स काढू नका. हवेत उडणारे कापसाचे तंतू सरळ सेन्सरवर बसतात.

पांढऱ्या रंगाचं एक सांगायचं राहिलं. कॅमेरा उजेड मोजताना सगळं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढऱ्या सुताच्या बीमवर नेम धरलात की तो सूत करडं करून टाकेल. M वर तुम्ही आकडे बांधून ठेवल्याने हे टळतं. पण उन्हात, जिथे उजेड सारखा बदलतो, तिथे A किंवा Av वर, म्हणजे अ‍ॅपर्चर तुम्ही आणि शटर कॅमेरा ठरवतो त्या मोडवर, काम करणं सोपं आणि तिथे हीच चूक होते. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा येईल, नंदीध्वज धरणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत. फ्रेम पांढऱ्याने भरली की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे +/- चं, बटण +0.7 किंवा +1 वर ठेवा. मेनूमधली हायलाइट चमकण्याची, म्हणजे फार पांढरे पडलेले भाग लुकलुकवून दाखवण्याची, सोय चालू करा. बाराबंदीच्या घड्या काळ्या-पांढऱ्या लुकलुकायला लागल्या, तर +0.3 वर या.