कृषी सल्ला : वराहांचे वयोगटानुसार खाद्य आणि विक्रीचे योग्य वजन

प्रश्न : माझ्याकडे नुकतेच दूध तोडलेली सुधारित जातीची १० पिल्ले आहेत, प्रत्येकाचे वजन साधारण १० किलो आहे. मागच्या खेपेस सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच खाद्य दिले. तेव्हा पिल्ले लहानपणी वाढली नाहीत आणि मोठेपणी चरबीच जास्त धरली. प्रथिने केव्हा किती द्यावीत आणि किती वजनाला विकावे?

उत्तर : लहान पिल्लाच्या शरीरात मुख्यत्वे हाड आणि मांस तयार होत असते, तर ६० किलोंच्या पुढे चरबी साठण्याचा वेग वाढत जातो. मांसाला प्रथिने लागतात, चरबीला मात्र धान्यातील पिष्टमय पदार्थच पुरेसे होतात. त्यामुळे मध्यम प्रतीचे एकच खाद्य लहान पिल्लाला अपुरे पडते आणि मोठ्या जनावराच्या बाबतीत त्यातील महाग प्रथिने वाया जातात. ही जादा प्रथिने मांसात रूपांतरित न होता मूत्रावाटे बाहेर पडतात. गोठ्यात अमोनियाचा डोळे चुरचुरवणारा वास वाढला असेल, तर इतर कारणांबरोबर हेही तपासून पाहावे.

सुधारित जातींसाठी ढोबळ प्रमाण असे ठेवावे : १० ते २० किलोंपर्यंत २० टक्के प्रथिनांचे खाद्य, २० ते ५० किलोंपर्यंत १६ ते १७ टक्के आणि ५० किलोंपासून विक्रीपर्यंत १४ टक्के. हे टप्पे वयावर नव्हे, वजनावर ठरवावेत, कारण एकाच वेताची पिल्लेही सारखी वाढत नाहीत.

पहिल्या टप्प्याचे १०० किलो खाद्य तयार करण्यासाठी ६० किलो मका भरडा, ३० किलो सोयाबीन पेंड, साडेसात किलो गव्हाचा कोंडा, २ किलो खनिज मिश्रण आणि अर्धा किलो मीठ घ्यावे. मक्यात सुमारे ९, कोंड्यात १५ आणि चांगल्या सोयाबीन पेंडीत ४५ टक्के प्रथिने धरली, तर हे मिश्रण बरोबर २० टक्क्यांचे होते. दुसऱ्या टप्प्यात मका ५९, पेंड साडेअठरा आणि कोंडा २० किलो घ्यावा. तिसऱ्यात मका ६२, पेंड साडेअकरा आणि कोंडा २४ किलो घ्यावा. खनिज मिश्रण व मीठ तेवढेच राहू द्यावे. पेंडीच्या पोत्यावर प्रथिनांचे प्रमाण वेगळे लिहिलेले असल्यास त्या आकड्याने हिशेब पुन्हा मांडावा.

येथे पेंडीची निवड महत्त्वाची आहे. प्रथिनांची टक्केवारी सारखी असली तरी लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडले की मांसवाढ तेथेच अडते, आणि मक्यात नेमके तेच कमी असते. सोयाबीन पेंड ही उणीव भरून काढते, शेंगदाणा पेंड काढत नाही. म्हणून लहान पिल्लांना केवळ शेंगदाणा पेंडीवर ठेवू नये. सोयाबीनचे कच्चे दाणे तर मुळीच देऊ नयेत, कारण त्यांत प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो आणि तो योग्य उष्णता दिल्याशिवाय निष्प्रभ होत नाही. बुरशी आलेला मका किंवा पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

दूध तोडल्यानंतरचा पहिला आठवडा सर्वांत नाजूक असतो. या काळात आईजवळ असताना दिलेले खाद्यच चालू ठेवावे, ते दिवसातून चार-पाच वेळा थोडेथोडे द्यावे आणि स्वच्छ पाणी सतत समोर असू द्यावे. उपाशी पिल्लाने एकदम पोटभर खाल्ले की न पचलेले खाद्य आतड्यात आंबते आणि पातळ हगवण लागते. कोणत्याही टप्प्यावर खाद्य बदलताना नवे खाद्य जुन्यात मिसळून चार-पाच दिवसांत बदल पूर्ण करावा.

आता आपल्या १० पिल्लांचा हिशेब पाहू. चांगल्या व्यवस्थापनात १० ते २० किलोंपर्यंत एका पिल्लाला सुमारे २० किलो खाद्य लागते, २० ते ५० किलोंपर्यंत आणखी ८० किलो आणि ५० ते ९५ किलोंपर्यंत १६० किलोंच्या आसपास. म्हणजे एकूण २६० किलोंपैकी निम्म्याहून बरेच अधिक खाद्य शेवटच्या टप्प्यात जाते. या टप्प्यातही २० टक्क्यांचेच खाद्य चालू ठेवले, तर प्रत्येक जनावरामागे सुमारे ३० किलो, म्हणजे १० जनावरांमागे ३०० किलो पेंड अधिक खर्च होईल आणि मांस त्या प्रमाणात वाढणार नाही. काटकसर करायची ती येथे करावी, पहिल्या २० किलोंत नव्हे.

विक्रीच्या वजनाचा प्रश्नही याच कारणाशी जोडलेला आहे. मांसात जवळपास तीन चतुर्थांश पाणी असते, चरबीत ते फारच थोडे असते. त्यामुळे एक किलो चरबी साठवायला एक किलो मांसापेक्षा कितीतरी जास्त खाद्य लागते. म्हणून ७५ किलोंनंतर दर आठवड्याला ठरावीक वेळी, खाद्य देण्यापूर्वी वजन घ्यावे आणि त्या आठवड्यात किती खाद्य गेले याची नोंद ठेवावी. काटा नसल्यास पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजावा, कानांच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मोजावी, दोन्ही मीटरमध्ये घ्यावे आणि घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३ असे गणित करावे. घेर १.०५ आणि लांबी १.१५ मीटर असेल, तर वजन सुमारे ८८ किलो येते. हा अंदाज आहे. जनावर मान खाली घालून उभे असेल तर तो चुकतो.

समजा ८० किलोंच्या सुमारास एका आठवड्यात साडेअठरा किलो खाद्यावर ५ किलो वजन वाढले, ९० किलोंना २० किलो खाद्यावर ४.६ किलो आणि १०० किलोंना २१ किलो खाद्यावर ४.१ किलो. जिवंत वजनाच्या एका किलोला पाच किलो खाद्याइतकी किंमत मिळत असेल, तर पहिल्या आठवड्यात साडेसहा किलो खाद्याच्या किमतीइतके उरतात, दुसऱ्यात ३ किलोंइतके, आणि तिसऱ्यात अर्ध्या किलोचा तोटा होतो. मजुरी व गोठ्यातील जागा यांचा खर्च धरला, तर अशा भावात ९० ते ९५ किलोंच्या पुढे थांबण्यात अर्थ नाही. भाव सात किलो खाद्याइतका असेल, तर आणखी एक-दोन आठवडे थांबता येते, मात्र खरेदीदार जाड चरबीसाठी भाव कापत नसेल तरच.

खच्ची केलेले नर माद्यांपेक्षा लवकर चरबी धरतात, म्हणून ५० किलोंनंतर दोघांना वेगळे ठेवणे आणि नर आधी विकणे योग्य. लहान चणीच्या स्थानिक जाती याहून बऱ्याच कमी वजनाला पक्व होतात. त्यांना ९० किलोंचे उद्दिष्ट लावू नये, पण आठवड्याच्या वाढीचा आणि खाद्याचा हा हिशेब त्यांनाही तसाच लागू पडतो.