‘टू’च्या पुढे ‘मीट’ की ‘मीटिंग’?

प्रश्न: मी महापे येथील एका कंपनीत नोकरी करते. परदेशी ग्राहकाला पाठवायच्या मेलच्या शेवटी मी ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ असे लिहिले होते. साहेबांनी ‘मीट’चे ‘मीटिंग’ केले. त्याच मेलमधल्या ‘वी होप टू मीट यू इन ठाणे’ या वाक्याला मात्र हात लावला नाही. ‘टू’ तर दोन्हीकडे आहे, मग असे का?

उत्तर: साहेबांचे दोन्ही निर्णय बरोबर आहेत, कारण या दोन वाक्यांतले ‘टू’ दिसायला सारखे असले तरी त्यांचे काम वेगळे आहे. ‘होप टू मीट’मधला ‘टू’ क्रियापदाच्या मूळ रूपाला चिकटून इन्फिनिटिव्ह तयार करतो; त्याला स्वतःचा असा अर्थ फारसा उरलेला नाही. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ हे प्रिपोझिशन आहे, म्हणजे आपल्या शब्दयोगी अव्ययाच्या जातीचा शब्द, आणि त्याच्या पुढे नामच यावे लागते. तिथे क्रियापद आणायचे झाल्यास त्याला ‘-इंग’ लावून त्याचे नाम करून घ्यावे लागते, आणि त्या नामालाच जेरंड म्हणतात. मराठीत ‘तुम्हाला भेटण्याकडे डोळे लागले आहेत’ असे म्हणताना ‘कडे’साठी ‘भेटणे’चे ‘भेटण्या’ हे सामान्यरूप आपण न चुकता करतो, ‘भेटकडे’ किंवा ‘भेटणेकडे’ म्हणत नाही. इंग्रजीतला हा ‘टू’ तशीच मागणी करतो आणि ती ‘मीटिंग’ या रूपाने पुरी होते.

ही चूक इतकी सर्रास होण्यामागे मला आपल्या शाळेतली शिकवण दिसते. ‘टू’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते, हा नियम लहानपणी पाठ करून घेतला जातो आणि ‘-इंग’ची ओळख ‘इज’, ‘आर’ यांच्या सोबतीने, चालू काळाचा प्रत्यय म्हणून होते. त्यामुळे ‘टू मीटिंग’ ही जोडी पाहताच ती अशुद्ध असावी असे वाटते, आणि ‘लुकिंग’मध्ये एक ‘-इंग’ आधीच येऊन गेल्यामुळे दुसऱ्याची गरज नाही असाही समज होतो. वास्तविक त्या दोन ‘-इंग’चा परस्परांशी काही संबंध नाही. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ असे साध्या वर्तमानकाळात लिहिले (औपचारिक पत्रात हेच अधिक शोभते), तरी दुसरा ‘-इंग’ जागचा हलत नाही.

या गोंधळाचे मूळ इंग्रजीच्या इतिहासातही आहे. जुन्या इंग्रजीत इन्फिनिटिव्हच्या आधी येणारा ‘टू’ हे प्रिपोझिशनच होते आणि त्याच्या पुढे येणाऱ्या क्रियारूपाला नामासारखा विभक्तीचा प्रत्यय लागत असे. पुढे ते प्रत्यय झिजून गेले, क्रियापद उघडे राहिले आणि ‘टू’ ही त्याची नुसती खूण उरली. स्थळ, व्यक्ती किंवा वस्तू यांच्याकडे रोख दाखवणारा ‘टू’ मात्र प्रिपोझिशनच राहिला. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन वाटा झाल्या. हे दोघे शेजारी शेजारी पाहायचे असतील तर 1949 साली स्वीकारलेल्या आपल्या राज्यघटनेची इंग्रजी उद्देशिका काढावी. तीत ‘टू सिक्युअर टू ऑल इट्स सिटिझन्स’ असे शब्द आहेत. पहिल्या ‘टू’च्या पुढे ‘सिक्युअर’ हे क्रियापद आहे आणि दुसऱ्याच्या पुढे ‘ऑल इट्स सिटिझन्स’ हा नामसमूह.

लिहिताना दोघांना ओळखण्यासाठी मी ‘इट’ची कसोटी वापरतो. ‘टू’च्या पुढचे सगळे काढून तिथे नुसते ‘इट’ ठेवून पाहावे. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ हे वाक्य उभे राहते, म्हणून तिथे ‘-इंग’ हवा. ‘आय होप टू इट’ हे वाक्यच होत नाही, म्हणून तिथे मूळ रूप हवे. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लहान कारखान्यातून जाणाऱ्या मेलचा शेवट असा आहे असे समजू: ‘वी आर यूज्ड टू हँडल अर्जंट ऑर्डर्स. वी वुड लाइक टू इन्व्हाइट यू टू अवर वर्कशॉप. वी लुक फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’

पहिल्या वाक्यात ‘वी आर यूज्ड टू इट’ चालते, तेव्हा ‘हँडलिंग’ हवे. इथे विशेष जपावे लागते, कारण ‘आर’ काढून ‘वी यूज्ड टू हँडल’ असे लिहिले तर व्याकरण निर्दोष राहते, पण अर्थ ‘पूर्वी करत होतो, आता करत नाही’ असा होतो, आणि ग्राहकाला पाठवायच्या मेलमध्ये तो चांगलाच महागात पडेल. दुसऱ्या वाक्यात ‘वुड लाइक टू इट’ म्हणता येत नाही, म्हणून ‘इन्व्हाइट’ योग्य आहे, आणि ‘वर्कशॉप’च्या आधीच्या ‘टू’पुढे नाम आहेच, म्हणून तिथेही काही बदलायचे नाही. तिसऱ्यात ‘हिअरिंग’ हवे.

ही कसोटी सगळीकडे पुरत नाही, हेही सांगायला हवे. ‘अग्री’ या क्रियापदाला दोन्ही ‘टू’ चालतात. ‘वी अग्री टू इट’ बरोबर आहे, तरीही ‘वी अग्री टू पे’ असेच म्हणतात. म्हणून कसोटी लागू पडली तरी त्या विशिष्ट क्रियापदाचा प्रघात एकदा चांगल्या शब्दकोशातील उदाहरणांवरून पाहून घ्यावा.

चुकीला खतपाणी घालणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ हे अगदी शुद्ध वाक्य. ‘रिप्लाय’, ‘व्हिजिट’, ‘कॉल’ हे शब्द नाम आणि क्रियापद या दोन्ही रूपांत सारखेच दिसतात, त्यामुळे ‘टू’पुढे मूळ क्रियापद चालते असा चुकीचा दाखला त्यांतून मिळतो. ‘युअर’ मागे असला की ‘व्हिजिट’ हे नाम आहे आणि ‘टू युअर व्हिजिट’ बरोबर आहे. ‘टू व्हिजिट यू’ म्हटले की ते क्रियापद झाले, आणि मग ‘टू व्हिजिटिंग यू’ असेच लिहायला हवे. येणारी व्यक्ती दुसरी असेल तर ‘वी लुक फॉरवर्ड टू युअर जॉइनिंग अस’ ही औपचारिक रचना आहे. बोलण्यात आणि अलीकडे लिहिण्यातही ‘टू यू जॉइनिंग अस’ सर्वत्र चालते, आणि तिला चूक म्हणणे मला योग्य वाटत नाही. ‘टू यू टू जॉइन’ मात्र टाळावे.

दुरुस्ती झाल्यावर काही जण सावधगिरी म्हणून ‘होप टू मीटिंग यू’ असेही लिहू लागतात. ती नवी चूक आहे. ‘होप’, ‘विश’, ‘एक्स्पेक्ट’, ‘वुड लाइक’ आणि ‘डू नॉट हेझिटेट’ यांच्यानंतर मूळ रूपच ठेवावे. ‘अवेटिंग’ला तर ‘टू’ही लागत नाही आणि ‘फॉर’ही, ‘अवेटिंग युअर रिप्लाय’ एवढे पुरते, आणि क्रियापदच हवे असेल तर ‘वेटिंग टू हिअर फ्रॉम यू’ असे लिहावे.