लिफ्ट, चहा आणि घरी न सांगितलेला अर्धा तास

"चार वर्षं रिलेशनशिपमध्ये आहे. ऑफिसातल्या एकाला मी आवडते हे उघड दिसतंय, आणि मलाही छान वाटतं. माझं चुकतंय का?"

छान वाटण्यात चूक नाही. कुणी दखल घेतली की जीव सुखावतोच. पण घरी सांगताना तुम्ही काय गाळता, ते बघा.

हिंजवडीत नोकरीला असताना टीममधला एकजण मला बाणेरपर्यंत सोडायचा. नवऱ्याला मी "लिफ्ट मिळाली" एवढंच सांगायचे. वाटेत चहाला अर्धा तास थांबलो, हे नाही. मग एका रात्री कपाटासमोर उभी राहून उद्या कुठला कुर्ता घालू ते ठरवत होते आणि लक्षात आलं, हे त्याच्यासाठी चाललंय. नीट विचार केल्यावर कळलं की मला तो नको होता. "प्रेझेंटेशन कसं झालं?" हे त्याचं रोजचं विचारणं हवं होतं. घरी ते कधी बंद पडलं, कळलंच नव्हतं. ते मी नवऱ्याशी बोलले, चहाबद्दलही.

तुमच्या ऑफिसातल्या त्या माणसाला मात्र स्पष्ट सांगा: "मी रिलेशनशिपमध्ये आहे, आणि मला हे पुढे न्यायचं नाही." "माझ्या बॉयफ्रेंडला आवडणार नाही" असं म्हणू नका. त्यातून तुमची हरकत नाही असाच अर्थ निघतो. सांगून झाल्यावर लिफ्ट आणि रात्रीचे मेसेजही बंद करा, नाहीतर तो बोलण्यावर नाही, वागण्यावर विश्वास ठेवेल.

तरीही मागे लागला तर मेसेज जपून ठेवा आणि लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करा. शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांच्या आत.